गळ्यातली गाठ पाच आठवड्यांत वाढली, ॲनाप्लास्टिक निघाली: श्वासाची नळी आधीच घालून ठेवावी का?

खाडीपलीकडे
नमस्कार. देवगड तालुक्यात जनरल प्रॅक्टिस करतो. इथे कान-नाक-घसावाले आणि कॅन्सरवाले बरेच जण लिहितात, म्हणून विचारतोय. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत, घरच्यांची परवानगी घेतली आहे.

६८ वर्षांच्या काकू. अठरा वर्षांपासून गळ्यात सुपारीएवढी गाठ, कधी त्रास नाही. मिरगाच्या सुमारास ती वाढू लागली आणि पाच आठवड्यांत तिची कैरी झाली. हाताला दगडासारखी लागते, गिळताना वरखाली होत नाही. बारा दिवसांपासून आवाज बसलाय. पेज जाते, भात अडकतो. न्हाणीघरापर्यंत चालत गेल्या की श्वास आत घेताना शिट्टीसारखा आवाज येतो, बसल्यावर थांबतो. रात्री दोन उशा लागतात.

सीटीत गाठ ८ सेंमी, श्वासनलिका डावीकडे ढकललेली आणि सर्वांत अरुंद जागी ७ मिमी. उजवी स्वरतंतू हलत नाही. दोन्ही फुफ्फुसांत बारीक गाठी. जाड सुईच्या बायोप्सीचा रिपोर्ट ॲनाप्लास्टिक थायरॉईड कॅन्सर. ब्रॅफ जनुकाच्या चाचणीचा रिपोर्ट अजून यायचाय.

एका सर्जननी सांगितलं, आत्ताच ट्रॅकिओस्टोमी, म्हणजे गळ्याला भोक पाडून श्वासनलिकेत नळी, करून घ्या, नंतर जमणार नाही. मुंबईतला थोरला मुलगा म्हणतो परळला नेऊ. धाकटा आणि त्याची बायको, म्हणजे प्रत्यक्ष सांभाळणारी माणसं, गप्प आहेत. माझा प्रश्न एवढाच: नळी आता घालून ठेवण्यात शहाणपण आहे का?

गाबीतवाडा
माझ्या मते घालून टाका. गाठ वाढतच जाणार, मग घुसमटून मरण्यापेक्षा आधी वाट मोकळी केलेली बरी. हॉस्पिटलात मी बरीच वर्षं टेक्निशियन आहे, ऐन वेळी रात्री दोन वाजता जी धावपळ होते ती बघवत नाही. आणि रेडिओआयोडीनचा डोस का देत नाहीत? थायरॉईड कॅन्सरला तोच तर इलाज.

कानघसा
@गाबीतवाडा, ऐन वेळच्या धावपळीबद्दल तुम्ही बरोबर आहात. रेडिओआयोडीन मात्र पॅपिलरी, फॉलिक्युलर प्रकारांना चालतं, कारण त्या पेशी अजून आयोडीन ओढून घेतात. ॲनाप्लास्टिक पेशी आपलं थायरॉईडपण विसरलेल्या असतात, आयोडीन घेतच नाहीत. त्या मागे चार आठवडे घालवले तर तेवढंच आयुष्य गेलं.

आता नळीचं. डॉक्टर, सीटीच्या फिल्मवर एक अंतर मोजा: कातडीपासून श्वासनलिकेच्या पुढच्या भिंतीपर्यंत. साध्या माणसात ते दीड-दोन सेंमी असतं. इथे मध्ये गाठ बसली असेल तर चार-पाच सेंमी निघेल. ट्रॅकिओस्टोमी म्हणजे मग एवढ्या रक्ताळ, ठिसूळ मांसातून भुयार खणणं. नलिका मधोमध सापडत नाही, कारण ती बाजूला सरकलेली. गाठीला चाकू लागला की भळाभळा रक्त, आणि ते शिवून थांबत नाही, टाका धरतच नाही.

समजा जमलं. नेहमीची ट्यूब वळणासकट सात-आठ सेंमीची. त्यातली निम्मी गाठीतच खर्च झाली की टोक नलिकेत जेमतेम शिरतं. रात्री एक जोराचा खोकला, ट्यूब बाहेर सरकते आणि परत घालताना नलिकेऐवजी मांसात शिरते. बाहेरून पाहिलं तर ट्यूब जागच्या जागी दिसते, पण हवा जात नाही. म्हणून अशा गळ्याला पुढचा पट्टा मागेपुढे सरकवता येणारी लांब ट्यूब लागते, आणि ती आपल्याकडे आधी मागवून ठेवावी लागते. पुढे दोन-तीन आठवड्यांत गाठ त्याच छिद्रातून बाहेर फुलते. त्याचा वास आणि रक्त घरच्यांनी बघायचं.

म्हणून आवाज फक्त चालताना येतोय, बसल्यावर नाही, अशा अवस्थेत 'ठेवून दिलेली बरी' म्हणून नळी घालू नये. अमेरिकन थायरॉईड असोसिएशनच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनाही याच दिशेने जातात. माझा कल नाहीकडे आहे.

आबोलीची_वेणी
माझ्या आवशीक थायराईड आसा, सात वर्सां गोळी घेता. आता टीएसएच ८ इलो. ह्यां वाचून माका झोप नाय. तिका पण असां होतला काय?

खाडीपलीकडे
@आबोलीची_वेणी, ताई, नाही. टीएसएच ८ म्हणजे गोळीचा डोस थोडा कमी पडतोय, एवढंच. गोळी रिकाम्या पोटी घेतात का, चहाबरोबर घेतात का ते बघा आणि डॉक्टरांना रिपोर्ट दाखवा. त्या थायरॉईडचा आणि या गाठीचा संबंध नाही. गळ्यात गाठ असेल आणि ती आठवड्या-आठवड्याला वाढत असेल, आवाज बसला असेल, तरच लगेच दाखवा.

काचपट्टी
पॅथॉलॉजीवाल्याचे दोन शब्द. आठवड्यांत वाढणारी, दगडासारखी गाठ म्हटलं की डोळ्यांसमोर दोन नावं यावीत: ॲनाप्लास्टिक आणि थायरॉईडचा लिम्फोमा. बाहेरून दोन्ही सारखी दिसतात, पण लिम्फोमा औषधांनी आठवड्यात वितळू लागतो. रिपोर्टमध्ये लिम्फोमाचे मार्कर लावून तो नाकारलाय का ते वाचा. लावलेले नसतील तर बायोप्सीच्या त्याच ब्लॉकवर लावून मागा. बायोप्सीआधी स्टेरॉईड दिलं होतं का? दिलं असेल तर लिम्फोमा काचेवर पुसट होतो, मग मला पुन्हा तुकडा लागतो.

दुसरं ब्रॅफ. सरसकट जनुकीय चाचणीला दोन-तीन आठवडे जातात, आणि या माणसाकडे तेवढे नाहीत. ब्रॅफ व्ही६००ई साठी ब्लॉकवर एक डाग लावून पाहता येतो, दोन-तीन दिवसांत उत्तर मिळतं. पाठवणाऱ्या लॅबला 'तातडीचं' असं लिहून फोन करा, नाहीतर ब्लॉक रांगेत पडून राहतो. पॉझिटिव्ह निघाला तर डॅब्राफेनिब आणि ट्रॅमेटिनिब या गोळ्यांची जोडी आहे, अमेरिकेत २०१८ पासून याच आजारासाठी मान्य. महाग आहेत, ताप येतो, पण काही रुग्णांत गाठ दिवसांत मऊ पडते.

कानघसा
@काचपट्टी, बरं झालं लिहिलंत. माझ्या वरच्या 'नाही'ला हा एक मोठा अपवाद. लिम्फोमा किंवा ब्रॅफ पॉझिटिव्ह असेल तर तीन-चार आठवडे कसेही काढायला नळी घालणं योग्य, कारण पलीकडे गाठ लहान होणार आहे. तेव्हा तीच नळी पुढे काढताही येते. पलीकडे काहीच नसेल तर नळी कशासाठी, हे आधी घरच्यांसमोर बोलावं.

गाबीतवाडा
पण डॉक्टर, ऑक्सिजन किती आहे? ९७ वगैरे असेल तर घाई कशाला? बोटाला लावून घरी बघत राहावं. ९० च्या खाली आला की हलवावं.

भूलघर
@गाबीतवाडा, कृपया हा सल्ला कुणी पाळू नका. वाट घशात अडते तेव्हा बोटावरचं मशीन शेवटपर्यंत ९६-९७ दाखवतं. माणूस जोर लावून हवा ओढत असतो, फुफ्फुसं ठीक असतात. तो दमला की आकडा मिनिटांत कोसळतो, हळूहळू उतरत नाही. ऑक्सिजन लावून ठेवला असेल तर अजूनच फसवणूक.

आकड्याऐवजी माणसाकडे बघा. शांत बसल्यावर आवाज येतोय का? एका श्वासात वाक्य पूर्ण होतं का, की तीन-चार शब्दांवर तुटतं? मानेचे स्नायू ओढले जातात का? अंगावर घाम, अस्वस्थपणा, उठून खिडकीकडे जाणं? आणि सर्वांत वाईट खूण म्हणजे मोठा आवाज अचानक बारीक होणं. घरचे म्हणतात 'आता बरं वाटतंय, आवाज कमी झाला', तर तेव्हा हवाच कमी जात असते.

७ मिमी हा चालताना त्रास देणारा आकडा. ५ मिमीच्या आसपास बसल्यावरही आवाज येतो. दोन मिमी कमी झाले म्हणजे थोडंसं कमी झालं असं नाही, हवा ओढायला लागणारा जोर जवळजवळ चौपट होतो. तेव्हा आता घाई करायची ती निर्णयाची.

आणि एक विनंती. आता पुन्हा सीटीसाठी सपाट झोपवू नका. झोप येत नाही म्हणून कुणी साधी झोपेची गोळीही देऊ नका.

सुरंगी
मी पॅलिएटिव्ह केअरची नर्स. सगळं वाचलं. मुलगा काय म्हणतो, सर्जन काय म्हणतात ते कळलं. काकूंना कुणी विचारलंय का?

आणि नळी घातली तर घरी काय लागेल ते ऐका. सक्शन मशीन, दिवसातून आठ-दहा वेळा, शिवाय कफ येईल तेव्हा. आतली नळी दर तीन-चार तासांनी काढून धुवायची. आपल्याकडे पावसात दोन-दोन दिवस वीज जाते. पायाने दाबायचं सक्शन नसेल तर विजेवरच्या मशीनचा उपयोग नाही. ट्यूबचा फुगा फुगवलेला असेल तोवर बोलता येणार नाही. हे सगळं एक सून रात्रंदिवस करणार. ती गप्प का आहे ते मला समजतं.

रेडिएशन_घाटमाथा
@कानघसा यांच्याशी बराचसा सहमत, पण थोडा फरक. 'आता नाही' म्हणणं सोपं आहे, आणि मग तीन आठवड्यांनी कुणीतरी कॅज्युअल्टीत अंधारात तीच नळी घालतं. म्हणून 'नाही' म्हणायचं तर मधल्या काळासाठी काहीतरी ठोस हवं. ते म्हणजे रेडिएशन, ताबडतोब.

फुफ्फुसात पसरलंय म्हणून सहा-सात आठवड्यांचा लांब कोर्स नको. पाच दिवसांत २० ग्रे पुरे. गाठ नाहीशी होत नाही, वाढ थांबते किंवा थोडी उतरते, काही आठवडे मिळतात. पण मशीनवर मास्क लावून दहा-पंधरा मिनिटं आडवं राहावं लागतं. आज दोन उशांवर झोपतात म्हणजे पाठीखाली पाचर ठेवून, मास्क गळ्यापाशी कापून जमेल. पुढच्या आठवड्यात बसूनच झोपू लागल्या तर आमचाही दरवाजा बंद. आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत सूज येऊन श्वास आधी बिघडू शकतो, म्हणून एक दिवस आधीपासून डेक्सामेथासोन, सकाळी ८ मिग्रॅ आणि दुपारी २ च्या आत ८ मिग्रॅ. संध्याकाळी दिलं तर रात्रभर जाग. साखर बघा.

स्टेंटचंही विचारून घ्या. एक स्वरतंतू हलतेय, अडचण खाली नलिकेत आहे, म्हणजे तत्त्वतः जमतं.

कानघसा
स्टेंट घालताना भूल देण्याच्या वेळीच वाट बंद होण्याची भीती, नंतर कफाने तुंबतो, सरकतो. आणि असा स्टेंट घालणारे हात मुंबईतच. मी या रुग्णात उत्साही नाही.

रेडिएशन_घाटमाथा
भीती आहे हे मान्य. पण आवाज राहतो आणि घरी सक्शन लागत नाही. यावर आपलं एकमत होणार नाही, डॉक्टरांनी दोन्ही बाजू घरच्यांपुढे ठेवाव्यात.

नांदगावचो_प्रवासी
वैद्यकातलं कळत नाही, रस्ता कळतो. देवगडहून मुंबई म्हणजे गाडीत रात्र, या श्वासाने नको. रेडिएशनसाठी कोल्हापूरला फोंडाघाट-राधानगरीमार्गे चार तास धरा, निघायचं सकाळी सहाला, कारण पावसात दुपारनंतर घाटात धुकं आणि दरड. निघण्याआधी घाट चालू आहे का ते फोंड्यात फोन करून विचारा. रेशनकार्ड आणि आधार मूळ प्रती घ्या, जन आरोग्य योजनेच्या काउंटरवर आरोग्यमित्र असतात, त्यांच्याकडे आधी जा म्हणजे प्लॅनिंगच्या दिवशी कागद अडत नाहीत.

भूलघर
गाडीत काकूंना पुढच्या सीटवर, पाठ जेमतेम कललेली, बसवा. १०८ मागवली तर स्ट्रेचरवर आडवं घेऊ नका हे आधी सांगा. बरोबर नेब्युलायझर असू द्या. वाटेत आवाज वाढला तर १:१००० ॲड्रेनलिन ५ मिली नेब्युलाइज करा. तासभर मिळतो, जास्त नाही, पण घाट चढायला तासभर पुरतो.

खाडीपलीकडे
चार दिवसांनी लिहितोय. लिम्फोमाचे मार्कर आधीच लावलेले होते, निगेटिव्ह. ब्रॅफचा डाग काल आला, तोही निगेटिव्ह. मोठी जनुकीय चाचणी पाठवलीय, पण तिची वाट बघत काही थांबवलेलं नाही.

सुरंगी ताईंचा प्रश्न वाचून मी काकूंच्या पडवीत जाऊन बसलो. सगळे होते. त्यांना आजार काय आहे ते आधीच कळलेलं होतं, सांगितलं कुणी नव्हतं. नळीचं चित्र काढून दाखवलं, बोलता येणार नाही हेही सांगितलं. त्या बसक्या आवाजात म्हणाल्या, "भोक नको. पण गुदमरवू नका." दोन्ही वाक्यं मी केसपेपरवर त्यांच्याच शब्दांत लिहिली, खाली त्यांची सही, दोन्ही मुलांच्या सह्या. थोरल्याला जड गेलं. तो उठून माडांत गेला, अर्ध्या तासाने आला आणि सही केली.

मुंबई रद्द. परवा कोल्हापूरला रेडिएशनचं प्लॅनिंग झालं, पाठीखाली पाचर ठेवून झोपू शकल्या.

कायद्याचं_बोला
तो कागद चांगला, पण तो घराबाहेर किती चालेल ते लक्षात घ्या. रात्री कुणी घाबरून १०८ ला फोन केला आणि काकू बेशुद्ध असल्या, तर कॅज्युअल्टीतला डॉक्टर नळी घालणारच. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये आगाऊ वैद्यकीय निर्देश मान्य केले आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही. काकू अजून शुद्धीत आहेत तोवर तालुक्याला नोटरी गाठा.

सुरंगी
नोटरी होईल तेव्हा होईल, आता घरात पेटी तयार करा. बिस्किटाचा डबाही चालतो.

श्वासाच्या तगमगीसाठी मॉर्फिन, २.५ मिग्रॅ दर चार तासांनी, गिळता येतंय तोवर पातळ करून. बरोबर पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून. मॉर्फिन मान्यताप्राप्त संस्थेतूनच मिळतं, जिल्हा रुग्णालयात आधी विचारा, साठा संपायच्या आठ दिवस आधी. वर भूलघर यांनी झोपेच्या औषधाला मनाई केली ती बरोबर आहे, वाट वाचवायची असते तेव्हा. इथे काकूंनी वाट ठरवलीय, म्हणून हे औषध मोजून, बघत द्यायचं आहे.

शेवटच्या अडथळ्यासाठी मिडाझोलाम. एका मिलीत ५ मिग्रॅ असलेलं घ्या, पातळ अँप्यूलचं पाणी कातडीखाली फार होतं. छातीवर कॉलरबोनच्या खाली बारीक बटरफ्लाय सुई कातडीखाली लावून चिकटवून ठेवा, म्हणजे त्या वेळी टोचायचं नसतं, फक्त टोपण उघडून सिरिंज जोडायची. ५ मिग्रॅ भरलेल्या दोन सिरिंजा, लेबल लावून, रोज नव्या. दहा मिनिटांत शांत झाल्या नाहीत तर दुसरी. जवळ गडद रंगाचे टॉवेल ठेवा, गाठीतून रक्त फुटलं तर पांढऱ्या चादरीवर ते कित्येक पट दिसतं आणि घरच्यांच्या डोळ्यांतून जात नाही. तोंडावर हातपंखा. खिडकीकडे तोंड.

खाडीपलीकडे
आज रेडिएशनचा पाचवा दिवस झाला. दुसऱ्या दिवशी आवाज वाढला होता, डेक्सामेथासोनवर उतरला. आता न्हाणीघरापर्यंत जाऊन येतात, शिट्टी नाही. मऊ भात गेला. किती दिवस, माहीत नाही.

पेटी भरलीय. आता एक अडलंय. मी राहतो बारा किलोमीटरवर, रात्री ओढ्याला पाणी असलं तर पोचू शकत नाही. धाकटा मासेमारीला जातो, म्हणजे रात्री घरात सूनच. ती काल मला बाजूला घेऊन म्हणाली, "डॉक्टर, मी इंजेक्शन दिलं आणि त्या लगेच गेल्या, तर मीच मारलं असं होणार ना?" मला नीट उत्तर देता आलं नाही.

सुरंगी
हे तिने विचारलं हे फार चांगलं झालं. न विचारता सिरिंज हातात धरून बसली असती.

तिला सांगा, त्या वेळी काकू गाठीमुळेच जाणार असतात, सिरिंज जोडली तरी आणि नाही जोडली तरी. औषधाने फक्त ती दहा मिनिटं त्यांना जाणवणार नाहीत. हे तुम्ही तिच्या नवऱ्यासमोर आणि काकूंसमोर सांगा, एकट्या तिला कोपऱ्यात नको. काकूंनी तिच्याकडे बघून 'दे' म्हटलेलं तिने ऐकलं पाहिजे. शेजारची एक बाई ठरवून ठेवा जी हाक मारली की येईल, तिचं काम फक्त पंखा आणि हात धरणं. आणि तुमचा फोन स्पीकरवर, तुम्ही 'आता' म्हणाल तेव्हा तिने जोडायची. म्हणजे निर्णय तुमचा, हात तिचा.

सराव करून घ्या. एका सिरिंजमध्ये १ मिली सलाईन भरा, बटरफ्लायला जोडायला लावा, हळू ढकलायला लावा. तीन वेळा केलं की हात थरथरायचा थांबतो.

खाडीपलीकडे
धाकटा उद्या सकाळी होडीवरून परततो. तेव्हा जातो, सलाईन आणि सिरिंजा घेऊन.